कार्ट सोडून गेलेल्या ग्राहकाला दर वेळी कूपन पाठवावं लागतंय? आधी हे तपासा

ही तक्रार माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या दुकानाकडून येते. कार्टच्या ईमेल चालू केल्या, पहिल्या महिन्यात छान ऑर्डरी परत आल्या, मग हळूहळू कूपनाशिवाय कुणी परत येईनासं झालं. ईमेलच्या टूलमध्ये "परत मिळवलेली विक्री" वाढताना दिसते, पण महिनाअखेर हातात उरणारे पैसे कमी होतात. मग कूपन 10 टक्क्यांवरून 15 वर नेलं जातं आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

मी छोट्या ऑनलाइन दुकानांच्या ईमेलचं काम करते. या वेळी उदाहरण घेते ते बिडाची भांडी विकणाऱ्या एका ताईंच्या दुकानाचं. तवा, कढई, आप्पेपात्र असा माल, दुकान वूकॉमर्सवर, पेमेंट बहुतेक यूपीआयने. त्यांच्याकडे तीन ईमेलची मालिका होती. कार्ट सोडल्यावर एका तासाने "तुम्ही काहीतरी विसरलात!", दुसऱ्या दिवशी 10 टक्के सूट आणि तिसऱ्या दिवशी "शेवटची संधी, सूट आज संपतेय". ही मालिका कुठल्यातरी तयार नमुन्यातून जशीच्या तशी उचललेली होती. बहुतेक दुकानांत हीच असते.

लोक कूपन शिकलेत का, हे आधी बघा

ऑर्डरींची यादी शीटमध्ये उतरवा. B रकान्यात ग्राहकाचा ईमेल आणि D रकान्यात वापरलेला कूपन कोड असेल असं धरा. ताईंचे कार्टवाले कोड PARAT या अक्षरांनी सुरू व्हायचे, म्हणून मी एका मोकळ्या रकान्यात हे सूत्र टाकलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=COUNTIFS(B:B,B2,D:D,"PARAT*")
```

एकाच ग्राहकासमोर 2, 3, 4 असे आकडे दिसू लागले, तर तो माणूस काही विसरत नाहीये. तो कार्ट भरतो, ईमेल आणि नंबर टाकतो, टॅब बंद करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कूपनची वाट बघतो. ताईंच्या यादीत असे ग्राहक भरपूर निघाले आणि ते त्यांचे सगळ्यात चांगले, पुन्हा पुन्हा येणारे ग्राहक होते. एका बाईंनी तर सरळ ईमेल केला होता, "मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी कूपन आलं होतं, या वेळी आलं नाही. चुकून राहिलं का?" ताईंनी तो वाचून लगेच कोड पाठवून दिला होता. त्यांचं त्यात काही चुकलं नाही, ग्राहकाने विनंती केली आणि त्यांनी मान राखला. पण त्या बाई काही विसरल्या नव्हत्या, कूपनची वाट बघत होत्या, हे त्या ईमेलमध्येच लिहिलेलं होतं.

ताईंचा प्रश्न साहजिक होता. "अहो, पण कूपन दिलं नाही तर ते परत येतील कशाला?" त्याचं उत्तर शोधायचं तर माणूस नेमका कुठे थांबला हे बघावं लागतं. सोडलेलं कार्ट म्हणजे एकच एक गोष्ट नसते. ताईंच्या दुकानात त्याचे तीन वेगळे प्रकार निघाले आणि त्यांतल्या दोन प्रकारांना सवलतीशी काही देणंघेणं नव्हतं.

पहिला प्रकार: पैसे भरायला गेला आणि अडकला

हा प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, आणि तो दुरुस्त करायला सगळ्यात सोपा आहे. वूकॉमर्समध्ये ग्राहकाने ऑर्डर नक्की करायचं बटण दाबलं की ऑर्डर तयार होते आणि तिची स्थिती Pending payment अशी दिसते. तिथून तो पेमेंट गेटवेवर जातो. यूपीआय अ‍ॅप उघडलं नाही, पिन चुकला, बँकेचा सर्व्हर अडकला, की ती ऑर्डर Pending payment मध्येच पडून राहते किंवा Failed होते. या माणसाने विकत घ्यायचा निर्णय केव्हाच घेतलेला असतो. त्याला दुसऱ्या दिवशी 10 टक्के सूट देणं म्हणजे गल्ल्यासमोर पैसे काढून उभ्या असलेल्या माणसाला किंमत कमी करून सांगणं.

त्याची ईमेल वेगळी हवी आणि लवकर हवी. मी ती 20 मिनिटांनी पाठवते. त्याहून आधी पाठवली तर घोळ होतो, कारण यूपीआयचा व्यवहार कधी कधी काही मिनिटं "प्रक्रियेत" राहून मग यशस्वी होतो. इकडे "पेमेंट झालं नाही" अशी ईमेल गेली आणि तिकडे पैसे जमा झाले, तर ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि पुढचे आठ दिवस तुम्ही परताव्याची पत्रं लिहीत बसता. म्हणून पाठवण्याच्या क्षणी ऑर्डरची स्थिती पुन्हा तपासली जाते ना, हे टूलमध्ये नक्की बघून घ्या. काही टूल मालिका सुरू होताना एकदाच तपासतात.

खूप उशीर केला तरी अडचण आहे, आणि ताईंची मालिका नेमकी तिथेच तुटत होती. वूकॉमर्समध्ये `Settings → Products → Inventory` इथे `Hold stock (minutes)` नावाचा खण आहे. त्यात मुळातच 60 हा आकडा भरलेला असतो. स्टॉकची मोजणी चालू असेल, तर न भरलेली ऑर्डर एवढ्या वेळानंतर आपोआप Cancelled होते आणि तिची पैसे भरायची लिंक बंद पडते. ताईंची पहिली ईमेल एका तासाने जायची, म्हणजे ईमेल पोहोचेपर्यंत ऑर्डर रद्द होऊन गेलेली असायची. ग्राहक लिंक दाबायचा आणि त्याला "ही ऑर्डर रद्द झाली आहे, पैसे भरता येणार नाहीत" अशा अर्थाचा संदेश दिसायचा. आम्ही तो आकडा 1440 केला, म्हणजे पूर्ण एक दिवस. तुमच्याकडे एकेकच नग असलेला माल असेल, हातमागाची साडी किंवा जुनं पितळ, तर एवढा वेळ तो अडवून ठेवणं परवडणार नाही. तिथे 180 वगैरे ठेवा.

शब्दांचं म्हणाल, तर पेमेंट अडकलेल्या माणसाच्या मनात एकच भीती असते, पैसे गेले की काय. त्यामुळे ईमेलने आधी त्याबद्दल बोलावं. आम्ही लिहिलेली ईमेल अशी:

> विषय: पेमेंट पूर्ण झालं नाही. पैसे कापले गेले असतील तर हे वाचा
>
> नमस्कार,
> 10 इंची बिडाच्या तव्याची तुमची ऑर्डर आमच्याकडे नोंदली गेली आहे, पण पैसे अजून आमच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत.
>
> तुमच्या खात्यातून रक्कम कापली गेली असेल तर कृपया लगेच पुन्हा भरू नका. अशी रक्कम बँकेकडून 5 दिवसांत आपोआप परत येते. या ईमेलला उत्तर म्हणून व्यवहार क्रमांक पाठवलात तर आम्हीही आमच्या बाजूने तपासतो.
>
> रक्कम कापली गेली नसेल तर इथून पैसे भरता येतील: [ऑर्डर पूर्ण करा]
> तवा ऑर्डर केल्यापासून 24 तास तुमच्या नावाने बाजूला ठेवला आहे.

5 दिवसांची ही मुदत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये घालून दिलेली आहे. दुकानाला यूपीआयने पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत रक्कम परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला ₹100 भरपाई आहे. "बाजूला ठेवला आहे" हे वाक्यही खरं असायला हवं. ते वर सांगितलेल्या सेटिंगमुळेच खरं होतं. सेटिंग न बदलता हे वाक्य लिहू नका.

दुसरा प्रकार: शेवटच्या पानावर आकडा बदलला

बीड जड असतं. ताईंच्या तव्याची किंमत ₹1,250, आणि पिन कोड टाकला की महाराष्ट्राबाहेर त्यात ₹140 पाठवणावळ मिळायची. ती उत्पादनाच्या पानावर कुठेच दिसत नव्हती. ऑनलाइन दुकानांचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या पाहणीत वर्षानुवर्षं हेच निघतं की कार्ट सोडण्याचं सगळ्यात मोठं सांगितलं जाणारं कारण म्हणजे शेवटी वाढलेला खर्च. इथे 10 टक्के सूट, म्हणजे ₹125, जवळजवळ त्या पाठवणावळीएवढीच होती. म्हणजे आधी ग्राहकाला धक्का द्यायचा आणि मग दुसऱ्या दिवशी तो धक्का स्वतःच्या खिशातून भरून द्यायचा, असं चाललं होतं.

याचा इलाज ईमेलमध्ये नाहीच. आम्ही तव्याच्या पानावर किमतीखालीच एक ओळ टाकली, "पाठवणावळ महाराष्ट्रात ₹90, इतरत्र ₹140. ₹2,500 च्या वर मोफत." किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलेल्या डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांमध्ये, बसतं, त्यामुळे ही ओळ तशीही हवीच होती.

त्याच सूचनांमध्ये खोटी घाई आणि ग्राहकाला अपराधी वाटायला लावणं हेसुद्धा आहे. "शेवटची संधी, आज संपतेय" असं लिहून पुढच्या आठवड्यात तेच कूपन पुन्हा देणं खोट्या घाईतच मोडतं. "फक्त 2 शिल्लक" हे तेव्हाच लिहा जेव्हा कपाटात खरोखर दोन असतील. मला हे फक्त नियम म्हणून महत्त्वाचं वाटत नाही. एकदा माणसाने तारीख उलटून गेल्यावर कोड टाकून पाहिला आणि तो चालला, की तुमच्या पुढच्या कुठल्याही तारखेवर तो विश्वास ठेवत नाही.

तिसरा प्रकार: मनात प्रश्न होता

उरलेले लोक खरोखर विचार करत असतात. त्यांना काय विचारायचंय हे कळायला आम्ही एक साधी गोष्ट केली. ईमेल no-reply पत्त्यावरून जात होती, ती ताईंच्या रोजच्या पत्त्यावरून पाठवायला लागलो आणि शेवटी लिहिलं, "काही विचारायचं असेल तर याच ईमेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचते." तीन आठवड्यांत उत्तरं आली. इंडक्शनवर चालतो का? पहिल्यांदा तेल मुरवून घ्यावं लागतं का? गंज चढला तर? काचेच्या शेगडीवर ओरखडे पडतील का? वजन किती, आईला उचलता येईल का?

एकानेही किमतीबद्दल विचारलं नाही.

मग दुसरी ईमेल या प्रश्नांवरच बांधली. विषयाची ओळ होती "बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो का? आणि आणखी तीन प्रश्न". आत प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन वाक्यांचं सरळ उत्तर. वजनाबद्दल खरं सांगितलं, की 10 इंची तवा 2 किलोच्या वर जातो, एका हाताने उचलायला जड वाटेल, हवं तर 8 इंची बघा, आणि त्याची लिंक दिली. 8 इंची तवा स्वस्त होता, म्हणून ताई आधी बिचकल्या. पण चुकीच्या वजनाचा तवा घरी जाऊन परत येण्याचा खर्च त्या फरकापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

"तुम्ही काहीतरी विसरलात" ही ओळ मात्र कायमची काढून टाका. माणूस विसरलेला नसतो. विषयात वस्तूचं नाव घाला, कारण इनबॉक्समध्ये नजर त्याच शब्दावर थांबते.

आता वेळा कशा ठरवल्या

पेमेंट अडकलेल्यांचं वर आलंच. बाकीच्यांसाठी पहिली ईमेल दीड तासाने ठेवली. त्यात सूट नाही, आग्रह नाही, फक्त कार्टमध्ये काय आहे, पाठवणावळीसकट एकूण रक्कम किती आणि परत जायची लिंक. ती लिंक वेगळ्या फोनवर उघडून बघा. बऱ्याच दुकानांत ती रिकाम्या कार्टवर नेते आणि दुकानदाराला पत्ता नसतो, कारण त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये कार्ट भरलेलंच दिसतं.

रात्री दहानंतर सोडलेल्या कार्टची ईमेल आम्ही सकाळी साडेआठला पाठवतो. मध्यरात्री गेलेली ईमेल सकाळच्या बँक, विमा आणि सेलच्या ढिगाखाली दबते. दुसरी, प्रश्नोत्तरांची, साधारण 24 तासांनी. तिसरी आम्ही काढूनच टाकली. महाग वस्तू असेल, जिच्यावर घरात चर्चा होते, गादी किंवा पैठणी, तर चार-पाच दिवसांनी आणखी एक चालेल. तव्याला नको.

मालिका थांबण्याच्या अटीवर मात्र नीट वेळ घालवा. आपल्याकडे लोक कार्ट भरतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर "ताई, हा तवा हवाय, घरपोच पैसे देते" असं लिहितात. ताई ती ऑर्डर हाताने नोंदवायच्या आणि नोंदवताना ईमेलचा खण रिकामा ठेवायच्या. टूलला ऑर्डर झाल्याचं कळायचंच नाही आणि तवा हातात पडलेल्या माणसाला "तुमचं कार्ट वाट बघतंय" अशी ईमेल जायची. आम्ही जुळवणी मोबाइल नंबरवर नेली, आणि टूलला ते जमत नाही तोवर ताई रोज सकाळी अशा ऑर्डरींची नावं हाताने मालिकेतून काढत होत्या.

कूपन लागतं की नाही, हे मोजायचं कसं

आता मूळ प्रश्न. आधी हिशेब. ₹1,250 च्या तव्यात माल, कर, पॅकिंग, गेटवेचं शुल्क वगैरे वजा जाता ताईंना साधारण ₹330 उरायचे. ₹125 ची सूट दिली की उरतात ₹205. ग्राहकाला 10 टक्के वाटणारी सूट ताईंच्या नफ्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा तुकडा घेऊन जात होती. कूपनाशिवाय 10 ऑर्डरी परत येत असतील तर ₹3,300 मिळतात. कूपन देऊन तेवढेच मिळवायचे तर 17 ऑर्डरी परत यायला हव्यात. तुमच्या मालाचे आकडे घालून हे गणित कागदावर एकदा करा.

मग चाचणी. सहा आठवडे आम्ही कार्ट सोडणाऱ्यांचे दोन गट केले, एकाला कूपनासकट ईमेल, एकाला नुसती प्रश्नोत्तरांची. पेमेंट अडकलेले आणि आधी खरेदी केलेले ग्राहक दोन्ही गटांतून बाहेर ठेवले, त्यांना कूपन नाहीच. प्रत्येक गटात 60 जण. कूपनवाल्यांतून 11 ऑर्डरी आल्या, बिनकूपनवाल्यांतून 9. एवढ्या छोट्या आकड्यांत 9 आणि 11 मधला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो, त्यामुळे कूपनाने ऑर्डरी वाढतात की नाही हे यावरून ठरत नाही. पण कूपन परवडायला 9 च्या समोर 15 हव्या होत्या, आणि त्याच्या जवळपासही आकडा गेला नाही. 11 ऑर्डरींचे ₹2,255 झाले, 9 ऑर्डरींचे ₹2,970.

किती जणांनी ईमेल उघडली यावरून काही ठरवू नका. अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये 2021 पासून अशी सोय आहे की ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे न वाचलेली ईमेलसुद्धा उघडल्यासारखी मोजली जाते. टूलमधल्या "परत मिळवलेल्या विक्री"चंही तसंच, त्यात स्वतःहून परत येणार असलेले लोकही धरलेले असतात. ते वेगळे काढायचे तर आणखी एक गट ठेवावा लागतो, ज्याला काहीच पाठवायचं नाही. महिन्याला शंभराच्या आत कार्टं असतील तर तीन गटांत हाती काही लागत नाही, दोनच करा.

कूपन कुठेच नको असं मी म्हणत नाही. तीच कंपनी, तेच मॉडेल दहा दुकानांत मिळतं आणि ग्राहक पहिल्यांदाच येतोय, तिथे ते कामाला येऊ शकतं. पण तेव्हाही ते एका ग्राहकाला एकदाच मिळेल असं बांधा, कोड त्याच्याच ईमेलला जोडा आणि मुदत खरी ठेवा.

आधीच सवय लागलेल्यांचं काय

पाठवलेले जुने कोड त्यांच्या तारखेपर्यंत चालू ठेवले. नवीन देणं एकाच दिवशी बंद केलं, 10 वरून 5 आणि मग शून्य असं उतरवत नेलं नाही, कारण त्यात वाट बघण्याची सवय मोडत नाही. पहिल्या महिन्यात परतलेल्या ऑर्डरी कमी झाल्या, आणि ताईंना रोज फोनवर धीर द्यावा लागला. नेहमीच्या ग्राहकांसाठी सूट पूर्ण बंद केली नाही, तिची जागा बदलली. तवा पोहोचल्यानंतर महिनाभराने त्यांना कढईवर ₹100 कमी देणारी ईमेल जाते, कार्ट सोडलेलं असो वा नसो.

कूपन चुकून राहिलं का असं विचारणाऱ्या त्या बाईंनी बंद केल्यानंतरही पुन्हा लिहिलं. ताईंनी उत्तर दिलं, "आता कार्टसाठी कूपन देत नाही, सगळ्यांना एकच किंमत ठेवली आहे. तुम्ही जुन्या ग्राहक आहात, तर कढईवर ₹100 कमी करून देते, हा कोड 30 तारखेपर्यंत चालेल." त्यांनी चार दिवसांनी कढई मागवली, आणि सोबत कोड न लागणारं आप्पेपात्रही.